४.७६ ऐवजी ४.५४ इथर का मिळाले?

> '१०,००० युएसडीसी दिले. स्क्रीनवर ४.७६ इथर दिसत होते, मिळाले ४.५४. स्लिपेज ५% होतं. बाकीचे कुठे गेले?'

बहुधा सँडविचमध्ये सापडलात, म्हणजे तुमच्या आधी खरेदी आणि नंतर विक्री करून बॉटने मधल्या मध्ये कमावलं. समजा तुमची अदलाबदल ज्या साठ्यातून झाली त्या पूलमध्ये १०० इथर आणि २,००,००० युएसडीसी होते (फी सोडून देऊ). तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये जाण्याआधी मेमपूलमध्ये, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांच्या रांगेत, सगळ्यांना दिसतो. बॉटने तो पाहून तुमच्या आधी ५,००० युएसडीसीचे २.४४ इथर घेतले आणि भाव चढला. चढ्या भावात तुम्हाला ४.५४ मिळाले. स्लिपेज म्हणजे भाव किती बिघडला तरी चालेल ती सूट. ती ५% असल्याने ४.५२ पर्यंत व्यवहार रद्द होत नाही, आणि बॉट जवळपास तेवढाच भाव ताणतो. लगेच त्याने आपले इथर ५,४९३ युएसडीसीला विकले, म्हणजे ४९३ चा नफा. अशा नफ्याला एमईव्ही म्हणतात आणि त्यातला मोठा वाटा ब्लॉक साखळीत जोडणाऱ्या व्हॅलिडेटरला जातो. (२०२२ पर्यंत तो मायनरला जाई, 'मायनर एक्स्ट्रॅक्टेबल व्हॅल्यू' हे नाव तिथूनच पडलं.)

खात्री करायची तर इथरस्कॅनवर तोच ब्लॉक उघडा. तुमच्या लगेच आधी खरेदी आणि लगेच नंतर विक्री, दोन्ही एकाच पत्त्याची दिसेल.

स्लिपेज ०.५% ठेवा. भाव उसळला तर व्यवहार फसून गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, वाया जाईल, म्हणून वॉलेटमध्ये फ्लॅशबॉट्स प्रोटेक्टचा आरपीसी पत्ताही जोडा. त्यातून व्यवहार सार्वजनिक मेमपूलमध्ये जातच नाही, आणि फसणारा व्यवहार ब्लॉकमध्ये न घेतल्याने गॅसही वाचतो.