मदत हवी आहे: मीटरवर ४२ mpg, मग गाडीचं खरं ॲव्हरेज किती?

नेरूळकर: मेहुण्याने इंग्लंडहून परत येताना आणलेली पेट्रोल हॅचबॅक सध्या माझ्याकडे आहे. नेरूळ ते ठाणे रोजचं येणंजाणं. स्क्रीनवर ४२ mpg दिसतं. एका कॅल्क्युलेटरने १७.९ किमी प्रति लिटर सांगितलं, दुसऱ्याने १४.९. म्हणून टाकी फुल करून ट्रिप शून्यावर आणली. पुढच्या फुलला ट्रिपवर १८६ आणि पेट्रोल २१.३ लिटर. भागाकार ८.७! गाडीत काही बिघाड आहे का?

पामबीच_७: सोपं आहे, ४२ ला ०.४२५ ने गुणा. १७.९ बरोबर. ८.७ येतंय म्हणजे इंजेक्टर साफ करून घ्या.

घोडबंदरवाला: आमची गाडी इथेच घेतलेली, तरी संध्याकाळी माजिवड्याच्या गर्दीत ९ च्या वर जात नाही. तुमचं नॉर्मल वाटतं.

जुना_गॅरेजवाला: थांबा, इंजेक्टरला हात लावू नका. ०.४२५ हा अमेरिकन गॅलनचा आकडा, तो ३.७८५ लिटरचा. तुमची गाडी इंग्लंडची, तिथला गॅलन ४.५४६ लिटरचा. mpg म्हणजे गॅलनला किती मैल, आणि एक मैल १.६०९ किमीचा. १.६०९ भागिले ४.५४६ म्हणजे ०.३५४. त्याने ४२ ला गुणलं की १४.९.

आता ८.७ चं. इंग्लंडच्या गाडीचा ट्रिप मीटर मैलात असतो, तुम्ही १८६ किमी समजून भागलंत. १८६ मैल म्हणजे साधारण २९९ किमी. त्याला २१.३ ने भागा, १४ येतं. खात्री हवी तर एक्स्प्रेसवेवर किलोमीटरच्या पाट्या बघत १० किमी जा. मीटर ६.२ च सरकला तर मैल.

नेरूळकर: काका, रविवारी लोणावळ्याला जाताना बघितलं. दहा पाट्यांत ६.२. बायको शेजारी बसून मोजत होती, म्हणून आकडा पक्का! पण स्क्रीन १४.९ आणि टाकी १४, हा फरक कशाचा?

जुना_गॅरेजवाला: स्क्रीन बहुतेक वेळा थोडं चढवूनच सांगते. शिवाय पंपाचं नोझल एकदा लवकर कट झालं, एकदा उशिरा, तर एक लिटर सहज इकडेतिकडे. २१.३ ऐवजी २०.३ धरा, लगेच १४.७ होतं. एका फुलवर काही ठरवू नका. त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटला थांबून तीन वेळा भरा. तिन्हीचे मैल आणि लिटर वेगवेगळे बेरजेत घ्या, मग भागा.

पामबीच_७: बरं, गॅलनचं मान्य. पण सेटिंगमध्ये mpg(US) निवडलेलं असेल तर? काही गाड्यांत दोन्ही पर्याय असतात.

जुना_गॅरेजवाला: मुद्दा बरोबर. पण मग खरं ॲव्हरेज १७.९ असायला हवं होतं आणि १८६ मैलांना जेमतेम १७ लिटर लागले असते. चार लिटरचा फरक नोझलने पडत नाही.

नेरूळकर: सेटिंग उघडलं, नुसतं mpg लिहिलंय, UK-US काही नाही. दुसरी फुल शुक्रवारी, आकडे टाकतो.