पित्त प्रकृतीला तीळतेल सोसत नसेल तर

> पित्त प्रकृती आहे. भर उन्हाळ्यात तीळतेलाने अभ्यंग सुरू केला, तर अंगावर लाल पुरळ आलं. बंद करू का?

हो, पुरळ पूर्ण बसेपर्यंत बंदच ठेवा. तीळतेल उष्ण असतं; थंडीत, कोरड्या वातप्रकृतीला ते मानवतं. नंतर खोबरेल घ्या, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर पाहा. तिथेही खाज आली तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा. हातापायांवर लांब, सांध्यांवर गोल हात फिरवा आणि 15-20 मिनिटांनी अंघोळ करा.

ताप किंवा छातीत कफ असताना अभ्यंग नकोच. अपचनातही नको, आणि हे बरेच जण विसरतात: सकाळी ढेकरेला रात्रीच्या जेवणाचा वास येत असेल, तर त्या दिवशी तेल लावू नका.