सल्ला हवा: चार पातळ्यांचा डेटा चुकतोय, 2000 रुपयांत कोणता बोर्ड घेऊ?

होटगीरोडकर: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यंत्रमागांचे आकडे जुन्या तारेच्या जोडीवरून ऑफिसात आणतोय. सेकंदाला 9600 सिम्बॉल, प्रत्येकाच्या चार पातळ्या म्हणजे दोन बिट, आकार चौकोनी. वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा फिल्टर 6 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापतो. चुका खूप होतात. बजेट 2000.

तारवाला: मागांच्या मोटारींचा गोंगाट, दुसरं काय! शील्डेड केबल टाक. मी पाच हजारांची टाकली, आजतागायत तक्रार नाही.

शेंगाचटणी: त्याचं बजेट वाचलं का बे? मी मात्र यूएसबी स्कोप घेतला. महाग पडला, पण कॉलेजात तसला कुणाकडेच नाही.

निवृत्त_दूरसंचार: आधी निदान करा. सिग्नलची उंची दुप्पट करा. गोंगाट असेल तर चुका घटतील. तेवढ्याच राहिल्या तर शेजारचे सिम्बॉल एकमेकांत सांडताहेत, म्हणजेच आयएसआय.

होटगीरोडकर: काका, केलं. फरक शून्य. सुट्टीला माग बंद असतानाही तेच. टोकाच्या पातळीपाठोपाठ आतली पातळी आली की हमखास चुकतं.

निवृत्त_दूरसंचार: मग नवीन काही घेऊ नका. चौकोनी पल्सचा पसारा फिल्टर कापतो, म्हणून शेपटी पुढच्या नमुन्यावर पडते. त्याऐवजी रेझ्ड कोसाइन आकाराचा पल्स वापरा. त्यालाही शेपटी असते, पण शेजाऱ्यांचे नमुने घेण्याच्या क्षणी ती बरोबर शून्य असते. किमान पट्टा सिम्बॉलांच्या वेगाच्या निम्मा, 4800. रोल-ऑफ म्हणजे त्यावरची जादा रुंदी, 0.25 ला 4800 × 1.25 = 6000 हर्ट्झ. बसतं, अगदी काठावर.

शेंगाचटणी: सोपं आहे की! पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडे रेझ्ड कोसाइन लाव.

निवृत्त_दूरसंचार: नको. दोन्हींचा गुणाकार होतो आणि ते शून्य हलतात. दोन्हीकडे रूट रेझ्ड कोसाइन लावा, मिळून एक पूर्ण होतो. शिवाय रोल-ऑफ लहान असला की शेपटी हळू विरते. फिल्टरचे गुणांक दोन-तीन सिम्बॉलांवर तोडलेत तर आयएसआय परत येईल, आणि घड्याळ जरा सरकलं तरी चूक.

तारवाला: आमच्यात असलं गणित नव्हतं. शील्ड टाक म्हणालो होतो.

होटगीरोडकर: काका, काठावरच भीती वाटते. तिथे त्या फिल्टरचा फेजही बिघडतो. वेग 8000 वर आणला आणि रोल-ऑफ 0.4 ठेवला, तर 4000 × 1.4 = 5600. वर 400 हर्ट्झ मोकळे.

निवृत्त_दूरसंचार: अहो, सेकंदाला 3200 बिट घालवताय! 9600 ठेवून फिल्टरचा बिघाड भरून काढणारा इक्वलायझर लिहा.

होटगीरोडकर: मागांच्या आकड्यांना 16000 बिट पुष्कळ झाले. रात्री आय डायग्राम काढला, म्हणजे सगळे सिम्बॉल एकावर एक रचून पाहिले, चार पातळ्यांमधले तिन्ही डोळे उघडे दिसले. बोर्ड घेत नाही.

शेंगाचटणी: डायग्राम कशावर काढलास? स्कोप घेतलास ना शेवटी?