मदत हवी आहे: पार्टीला ‘उशीर होतोय’ हे थोडक्यात कसं कळवू?

खाडीअलीकडे

मी गुहागर बाजूला राहतो. जुन्या घरांची मोजमापं घेऊन नकाशे काढून देतो. येत्या शनिवारी सकाळी १० ला कोळथऱ्याला नव्या पार्टीची पहिलीच भेट आहे. मंडळी मुंबईची. गावचं घर राहण्यासारखं उरलेलं नाही, म्हणून शनिवार-रविवार दापोलीत हॉटेलात उतरतात. म्हणजे माझ्या वेळेसाठी तेही तिकडून गाडी काढून येणार.

मी बाइकने धोपावे-दाभोळ फेरीबोटीने जाणार. घरून वेळेत निघेनच, पण सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर रांग लागते आणि एक बोट समोरून गेली की पुढची येईपर्यंत हात बांधलेले. चिपळूण-खेडवरून वळसा घ्यायचा तर शंभर किलोमीटरच्या वर जातं. म्हणून मेसेज आधीच लिहून ठेवावा म्हटलं, जेट्टीवर उन्हात उभं राहून नीट सुचत नाही. हा कच्चा मसुदा:

“नमस्कार सर, आपण मजेत असाल अशी आशा आहे. सर, आज आपली १० वाजता भेट ठरली होती हे माझ्या लक्षात आहे. मी सकाळी लवकरच निघालो होतो, परंतु सुट्टीमुळे पर्यटकांच्या गाड्यांची खूप गर्दी असल्यामुळे व बोटीची वेळ पुढेमागे झाल्यामुळे मला थोडा उशीर होण्याची शक्यता आहे. यात माझा काही दोष नाही तरी आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो. मी लवकरात लवकर पोचण्याचा प्रयत्न करत आहे. कृपया गैरसमज नसावा.”

बायको म्हणते, हा मेसेज नाही, रजेचा अर्ज आहे. कुठे कापू?

देवगडकर

अरे, आदल्या दिवसा जाऊन रव ना थंय. बोटीची भानगडच नाय. दाभोळात नायतर दापोलीत खोली मिळता.

खाडीअलीकडे

@देवगडकर, शुक्रवारी संध्याकाळी दुसरं काम आहे हो. आणि खोलीचं भाडं मोजणीच्या पैशांतून वजा केलं तर उरणार काय? प्रश्न मेसेजचा आहे.

सरळमार्गी

माझं मत, कारण अजिबात द्यायचं नाही. कारण दिलं की ते बहाणाच वाटतं. “सर, १५-२० मिनिटं उशीर होतोय, सॉरी” आणि लाइव्ह लोकेशन पाठवून द्यायचं. संपला विषय. ते बघत बसतील कुठे पोचलात ते.

लोट्याचा_निवृत्त

मी लोटे परशुरामच्या एका कारखान्यात बरीच वर्षं भरतीचं काम बघितलं, त्यामुळे असे मेसेज लिहिण्यापेक्षा वाचलेत जास्त. वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

मेसेज येतो तेव्हा समोरच्याला एकच गोष्ट ठरवायची असते: थांबायचं, की मधल्या वेळात दुसरं काही उरकायचं? तुमच्या पार्टीचंच बघा. हॉटेलातून निघायच्या आधी कळलं तर ते आणखी एक चहा घेतील. कोळथऱ्याला पोचल्यावर कळलं तर बंद घराच्या अंगणात उभे. तुमच्या मसुद्यात हे ठरवायला लागणारी वस्तूच नाही. किती वाजता येणार ते कुठेय? “थोडा”, “शक्यता”, “लवकरात लवकर” यातून काही हाती लागत नाही.

दुसरं, फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. तुमच्या त्या ओळींत ते मजेत असल्याची आशा आहे. उशिराची बातमी उघडून वाचल्यावर.

आता मिनिटं. @सरळमार्गी, “१५-२० मिनिटं” हे शहरात चालतं, इथे फसवतं. मेसेज १० ला पाठवला आणि रेंज नसल्यामुळे त्यांना साडेदहाला मिळाला, तर ती २० मिनिटं कुठून मोजायची? म्हणून घड्याळाची वेळ लिहायची: “११ वाजता पोचतो.” कधीही वाचलं तरी अर्थ तोच राहतो. शिवाय बोटीचा उशीर मिनिटामिनिटाने वाढत नाही. ही बोट मिळाली तर वेळेवर, नाही मिळाली तर एकदम पुढच्या बोटीइतका. मधलं काही नसतं.

सरळमार्गी

घड्याळाची वेळ पटली. पण कारणाचं काय? आणि लोकेशनमध्ये काय वाईट आहे?

लोट्याचा_निवृत्त

कारण चार शब्दांत द्यावं. “धोपाव्याची बोट चुकली” यात बहाणा नाही, माहिती आहे. त्या भागातल्या माणसाला लगेच कळतं की हा पाण्यापलीकडे आहे आणि गाडी कितीही पळवली तरी याच्या हातात काही नाही. गर्दी, पर्यटक, सकाळी लवकर निघालो होतो, हे सगळं त्याच्यापुढचं वकीलपत्र. आणि “यात माझा काही दोष नाही” हे वाक्य आधी काढा. कोणी दोष दिलेलाच नाही, तुम्हीच आठवण करून देताय.

लोकेशनबद्दल एवढंच, खाडीत रेंज गेली की तो ठिपका एका जागी गोठतो. पार्टीला वाटणार, हा बसलाय वडापाव खात.

मांडवीची_प्रवासी

मध्येच विचारते, राग मानू नका. माझी गोष्ट इंटरव्ह्यूची आहे. कुडाळहून रत्नागिरीला जायचंय, वेळ साडेअकराची. कोकण रेल्वेचा एकच मार्ग, क्रॉसिंगला गाडी एखाद्या स्टेशनात उभी राहिली की किती वेळ ते सांगता येत नाही. बोलावणं ज्या ईमेलवरून आलंय त्याला उत्तर देता येत नाही आणि खाली कोणाचा नंबरही नाही. मग कळवायचं कोणाला? माझा भाऊ म्हणतो, पोचल्यावर सांग, आधी सांगितलंस तर नावच काढून टाकतील.

लोट्याचा_निवृत्त

ताई, नाव काढतात ते न कळवणाऱ्याचं. इंटरव्ह्यूच्या दिवशी बाहेर बाकावर चारपाच जण बसलेले असतात, क्रम बदलणं अगदी सोपं. फक्त तुमची वेळ यायच्या आधी कळायला हवं. एकदा नाव पुकारलं आणि कोणी उठलं नाही, की त्यापुढे “गैरहजर” लिहून होतं आणि मग ते पुसायला कोणाला तरी विनंती करावी लागते.

आजच कंपनीचा स्वागतकक्षाचा किंवा गेटवरचा नंबर शोधून ठेवा. वेळ आली तर फोन करून पूर्ण नाव, कुठल्या पदासाठी आणि तुमची वेळ सांगा, मग “मी १२ पर्यंत पोचते, मला शेवटी घेतलं तरी चालेल” एवढंच. निरोप घेणाऱ्याचं नाव विचारा. पोचल्यावर गेटवर तेच नाव सांगायला उपयोगी पडतं. ट्रेनची गोष्ट आत सांगत बसू नका. “थांबलात त्याबद्दल धन्यवाद” म्हणून खुर्चीत बसा. त्यांनी विचारलं तर एका वाक्यात सांगा.

मांडवीची_प्रवासी

आणि पाचच मिनिटं उशीर होणार असेल तर? फोन करू की धावत जाऊ?

सरळमार्गी

पाच मिनिटांसाठी फोन केला तर उगाच लक्षात राहतं. धावा.

दापोली_पेठ

मी उलट म्हणेन. आमचं होमस्टे आहे, प्लंबर-सुतारांची वाट बघण्यात अर्धा जन्म गेलाय. पाच मिनिटं असली तरी कळलेलं बरं. पण मी मुलाखती घेत नाही, तेव्हा तिथलं माहीत नाही.

खाडीअलीकडे

लोटेकाका, मसुदा कापला. बघा:

“नमस्कार सर, मी १० ऐवजी ११ ला पोचतो. धोपाव्याची बोट चुकली. आपण दापोलीहून उशिरा निघालात तरी चालेल. माफ करा.”

बायकोने पास केलाय. एक शंका राहते. हा पाठवायचा कधी? रांगेत उभा असताना बोट मिळेल की नाही कळत नाही. बाइक बहुतेक वेळा कुठेतरी घुसते.

लोट्याचा_निवृत्त

छान. दोन दुरुस्त्या. पहिली भेट आहे, त्यांच्याकडे तुमचा नंबर साठवलेला असेलच असं नाही. शेवटी नाव आणि “मोजणीसाठी” एवढं टाका. दुसरी, ११ लिहिण्याआधी हिशोब करा. समजा पुढची बोट ९:५० ला सुटणार असं जेट्टीवर कळलं. पलीकडे उतरेपर्यंत १० धरा. तिथून कोळथऱ्यापर्यंत तुम्ही किती धरता?

खाडीअलीकडे

रस्ता वळणावळणाचा आहे, पाऊण तास.

लोट्याचा_निवृत्त

मग पावणेअकरा होतात. लिहा ११. पावणेअकराला पोचलात तर कोणी तक्रार करणार नाही. पावणेअकरा लिहून ११ ला पोचलात तर एका सकाळी दोनदा उशीर केलात, आणि दुसऱ्या वेळी बोटीचं नाव सांगता येत नाही. वेळ बदलायला दुसरा मेसेज पाठवावा लागला तर पहिल्याची किंमत गेली असं समजा.

पाठवायचा कधी, तर बोटीची फळी तुमच्याशिवाय वर गेली की त्याच क्षणी. त्याआधी तुम्हाला काही माहीतच नसतं.

दापोली_पेठ

इथे मात्र पटलं नाही. काका कारखान्यातून बोलताहेत, तिथे माणसं आधीच बसलेली असतात. हे गृहस्थ दापोलीहून साडेनऊच्या आत निघणार. बोट गेल्यावर मेसेज केला तर ते रस्त्यात असतील, गाडी चालवताना वाचणारही नाहीत. मी असते तर रांग बघूनच पाठवला असता: “धोपाव्याला रांग आहे. बोट मिळाली की नाही ते सव्वानऊला कळवतो, तोपर्यंत निघू नका.” मग सव्वानऊला एकदा नक्की सांगायचं.

लोट्याचा_निवृत्त

म्हणजे दोन मेसेज झाले. पण पहिल्यात पुढचं कधी कळणार ते सांगितलंय, तेव्हा हरकत नाही. माझ्या डोक्यात त्यांचा प्रवास नव्हता. तरी “निघू नका” हे गिऱ्हाइकाला सांगणं मला जड जातं. ते खाडीअलीकडेंनी ठरवावं.

खाडीअलीकडे

“थोडं थांबून निघालात तर बरं” असं करतो. आणि रेंजचं? जेट्टीवर कधी नेट असतं, कधी नसतं.

दापोली_पेठ

व्हॉट्सॅपवर घड्याळाचं चिन्ह दिसतंय तोवर मेसेज तुमच्याच फोनमध्ये आहे. एक बरोबरची खूण आली तरी त्यांच्या फोनवर पोचलेला नसतो, दोन झाल्यावर पोचला. दहा मिनिटांत दोन खुणा नाही दिसल्या तर तोच मजकूर साध्या एसएमएसने पाठवा, त्याला नेट लागत नाही. सरळ फोन लागला तर सर्वांत उत्तम, पण फोनवरही मेसेजएवढंच बोला. बोटीवर इंजिनाच्या आवाजात लांबलचक माफी कोणाला ऐकू जाते?

देवगडकर

आणि पार्टीक विचारून ठेव, फोन जिओचो की बीएसएनएलचो. कोळथऱ्यात कुठला लागता ता माका म्हायत नाय.

खाडीअलीकडे

हे शुक्रवारीच विचारतो, भेट पक्की करायला फोन करणारच आहे. तेव्हाच सांगून टाकतो की बोटीने येतोय.