दोनाची एक झोप होताना तुमच्या घरी काय झालं? (अनुभव लिहा)

रानजाई

काल रात्री साडेनऊला शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता. भुकेचं रडणं नव्हतं, दुखण्याचंही नव्हतं. मला ऐकताक्षणी ओळखू आलं. सकाळी लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तर डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, पंधरा महिन्यांची झाली, दुपारची दुसरी झोप घेतच नाही आणि रात्री अकराशिवाय डोळा मिटत नाही." माझी लेक आता सातवीत आहे, पण पोटात तोच जुना गोळा आला. तिला लिफ्टमध्ये जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहिते. तुम्हीही लिहा, तिला हा धागा पाठवणार आहे.

लेक साडेचौदा महिन्यांची होती. तोवर दिवस घड्याळासारखा चालायचा. साडेसहाला उठायची, साडेनऊला पहिली झोप, अडीचला दुसरी, रात्री आठला गाढ. मग दुसरी झोप बिघडली. चाळीस मिनिटं थोपटून सव्वाचारला झोपायची, साडेपाचला उठायची आणि रात्री सव्वादहापर्यंत पलंगावर उड्या. एखाद्या दिवशी दुपारी झोपायचीच नाही, मग साडेसहाला खिचडीचा घास तोंडात असतानाच मान टाकायची.

मी घाई केली. एका सोमवारी ठरवलं की आजपासून एकच झोप, आणि तिला ओढूनताणून साडेबारापर्यंत जागी ठेवली. आठवडाभर ती पहाटे पाचला उठत होती, दिवसभर पायाला चिकटून रडत होती. शेवटी सोडून दिलं आणि पुन्हा दोन झोपांवर आणलं.

दोन आठवड्यांनी परत सुरू केलं, या वेळी सावकाश. पहिली झोप दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे. साडेनऊची पावणेदहा, मग दहा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने रोजची वेळ लिहायचे. सव्वाबारावर पोचायला ३३ दिवस लागले. डोळे चोळायला लागली की गॅलरीत टबात पाणी आणि दोन वाट्या देऊन बसवायचे, त्यात वीस मिनिटं सहज निघत. जेवण साडेबाराचं सव्वाअकरावर आणलं, नाहीतर भुकेने लवकर उठायची.

सगळ्यात अवघड गेले मधले दहा-बारा दिवस. अकराला झोपून सव्वाबाराला उठली की पुढे रात्री आठपर्यंत पावणेआठ तास होतात. एवढं जागणं त्या वयाला झेपत नाही. म्हणून रात्रच अलीकडे ओढायला हवी होती, पावणेसातला झोपवायला हवं होतं. आणि तिथे सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागणीला मूल झोपवायचं? लक्ष्मी येण्याची वेळ ती." त्यांना दुखवायचं नव्हतं. मग त्यांनीच मार्ग काढला. सहा वाजता तिला मांडीवर घेऊन दिवा लावायच्या, शुभंकरोति म्हणायच्या, तिचे हात जोडून घ्यायच्या, मग वरणभात आणि अंथरूण. चार-पाच दिवसांत दिवा लागला की ती आपणहून जांभई द्यायला लागली. नंतर झोप सव्वाबारा ते अडीच अशी बसली आणि रात्रीची वेळ हळूहळू साडेसात-पावणेआठवर आली.

चिऊचीआई

आमचं हेच चालू आहे!! १३ महिने. गेले चार दिवस दुसरी झोप नाहीच. आजपासून एकच करू का? एका हाताने लिहितेय, कडेवर आहे

पाळणाघर_नाशिक

थांबा. चार दिवसांवरून ठरवू नका. मी २२ वर्षं पाळणाघर चालवते. वर्षाच्या आसपास चालायला लागतात तेव्हा बरीच मुलं आठ-दहा दिवस दुसरी झोप नाकारतात, आणि मग ती झोप परत येते. माझ्याकडे बहुतेकांची खरी वेळ चौदा ते अठरा महिन्यांत येते. सलग दोन आठवडे तसंच चाललं तर मनावर घ्या.

तोवर एक करून बघा. पहिली झोप एका तासावर उठवा. त्यावर दुपारी झोपली तर तिला अजून दोन्ही हव्या आहेत.

चिऊचीआई

झोपलेल्या बाळाला उठवायचं? माझी आई मला घराबाहेर काढेल 😄 सकाळची पावणेदोन तास झोपते ती

पाळणाघर_नाशिक

तिथेच गणित आहे. सकाळीच पावणेदोन तास भरले तर अडीचला झोप कुठून येणार? या वयात दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागतात, ते आपण कुठे खर्च करतो ते बघायचं. पडदा सरकवा, पाठीवरून हात फिरवा, उठते हळूच.

सुमनमावशी

आमच्या वेळी कुणी घड्याळ बघत नव्हतं. साडीची झोळी बांधली की मूल झोपायचं. दुपारी झोपूच द्यायचं नाही, म्हणजे रात्री दमून गाढ झोपतं. आणि जायफळ उगाळून दुधातून एक चाटण. तीन मुलं वाढवली अशीच.

डोंबिवलीकर_बाबा

मावशी, झोळीचं शंभर टक्के खरं. पण दमवण्याचा प्रयोग आम्ही केला. एका रविवारी दुपारी अजिबात झोपू दिलं नाही. रात्री दोन मिनिटांत झोपला, आम्ही खूश. पाऊण तासाने किंचाळत उठला, पुन्हा साडेबाराला, आणि पाचला कायमचा जागा.

पाळणाघर_नाशिक

मावशी, जायफळाचं मात्र नको. उगाळलेलं किती पोटात गेलं ते कळत नाही, जास्त झालं तर मूल सुस्त पडतं आणि छातीत धडधडायला लागतं. एवढ्या लहानांना नाहीच.

बाबांनी लिहिलं ते फार कामाचं आहे. रात्रीचा विरोध दोन प्रकारचा असतो आणि औषध उलटं. अती दमलेलं मूल संध्याकाळी सैरावैरा पळतं, बूट काढला म्हणून रडतं, पटकन झोपतं पण पाऊण तासाने किंवा पहाटे उठतं. त्याला अर्धा तास आधी झोपवायचं. दुसरं मूल रडत नाही. अंथरुणात गाणी म्हणतं, पाणी माग, गोष्ट माग, अर्धा-पाऊण तास मजेत लोळतं. त्याची झोप झालेली असते. त्याला दुपारी साडेतीनच्या पुढे झोपू द्यायचं नाही, नाहीतर रात्रीची वेळ थोडी पुढे न्यायची. दोन्हींना एकच उपाय केला की बिघडतं.

सुमनमावशी

बरं. सुनेने नको म्हटलं तेव्हा राग आला होता. सांगेन तिला.

मीरा_एडिनबरा

दिवेलागण वाचून डोळे भरले. इथे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, दिवा कधी लावायचा? लेक खिडकीकडे बोट दाखवून "सकाळ" म्हणायचा. आम्ही काचेला आतून काळा कागद चिकटवला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या, तेव्हा पहाटे साडेचारचं उठणं थांबलं. दुपारच्या झोपेलाही तीच खोली. सोफ्यावर ४० मिनिटं झोपायचा, अंधारात पावणेदोन तास.

डोंबिवलीकर_बाबा

माझा प्रश्न वेगळा आहे. मी साडेआठला घरी येतो. सव्वाआठला तो झोपायला आलेला असतो आणि दाराची बेल वाजली की ताडकन उठून बसतो, मग दहा. बायको म्हणते नऊपर्यंत बाहेर थांब. पण दिवसभरात मला तो तेवढाच भेटतो हो. दोन आठवडे मी जिन्यात बसलो होतो.

रानजाई

दादा, वाचून गलबललं. आमच्याकडे ह्यांनी सकाळ घेतली होती. सहा ते साडेसात लेक फक्त त्यांची. दूध, शी-शू, अंघोळ सगळं तेच. बेल काढून टाकली आणि किल्लीने दार उघडायचे. रविवारची दुपारची झोपही तेच करायचे. सगळ्यांना जमेलच असं नाही.

डोंबिवलीकर_बाबा

सकाळी ६.१२ ची लोकल असते माझी. पण बेलचं आजच करतो.

वैदेही_के

माझा चार वर्षांचा शाळेतून आल्यावर झोपत नाही, काय करावं?

मीरा_एडिनबरा

चार वर्षांचे बरेच सोडतात गं, रात्री नीट झोपत असेल तर राहू दे

जुळ्यांची_आई

दोघी १६ महिन्यांच्या. एक बाराला मान टाकते, दुसरीला दहालाच झोप येते. पंधरा-पंधरा मिनिटं सरकवते, पण दहावाली बारापर्यंत रडते आणि दुसरीला उठवते. एकत्र ठेवू की वेगळं? दिवसभरात मी एकदाही बसत नाही.

पाळणाघर_नाशिक

मी दोन्ही करून पाहिलंय, खात्रीने सांगवत नाही. एका घरी दोघांचा सुवर्णमध्य काढून साडेअकरा ठेवलं आणि जमलं, दुसऱ्या घरी अजिबात नाही. दहावालीला साडेनऊच्या सुमारास दहा मिनिटांची डुलकी देऊन बघा, दहाच, म्हणजे ती पुढे तग धरेल. महिनाभर तसं चालतं, मग ती डुलकी आपोआप सुटते.

सुमनमावशी

जुळ्यांच्या आई, कुठे राहता? जवळ असाल तर मी दुपारी येऊन बसेन.

जुळ्यांची_आई

कोथरूड. मावशी 🙏 मेसेज करते.

आर्याची_मम्मा

एक सांगायचं राहू नये म्हणून. आम्ही वेळा, अंधार, गाणं सगळं केलं, तरी तो रात्री चार-चार वेळा उठायचा. घोरायचा, तोंड उघडं, उशीवर घाम. झोपेच्या वेळा चुकताहेत म्हणून तीन महिने स्वतःला दोष दिला. डॉक्टरांनी पाहिलं तर नाकामागचे अ‍ॅडिनॉइड वाढलेले. सर्दी नसताना रोज घोरत असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवा आणि आधी दाखवून या.

भाताचीखिचडी

रानजाई, सव्वाअकराला वरणभात म्हणजे कुकर कधी लावायचीस? माझा डबा, नवऱ्याचा डबा, मग बाळाचं, साडेबाराशिवाय होतच नाही

रानजाई

डब्याच्या कुकरमध्येच वर छोट्या डब्यात तिचा मूगडाळ-तांदूळ. सकाळी आठलाच तयार, अकराला तूप घालून गरम करायचं.

चिऊचीआई

सांगायला आले. आज पहिली झोप तासाभराने उठवली. पाच मिनिटं रडली, मग पोपट दाखवला. पावणेतीनला दुसरी झोपली!! आत्ता झोपलीय, कपडे वाळत घालून येते

पाळणाघर_नाशिक

छान. आणखी आठवडाभर असंच ठेवा. आणि साडेचारला उठवा बरं का, नाहीतर रात्री परत इथे लिहाल.