बहुवचनाआधी 'लेस' दिसलं की 'फ्यूअर' करायचंच का?

अनुजा: आमच्या आरोग्य प्रकल्पाचा इंग्रजी अहवाल तपासायचं काम माझ्याकडे आलंय. एका सहकाऱ्याने पाठवलेलं वाक्य असं आहे: 'लेस एक्सपीरियन्स्ड नर्सेस हँडल्ड लेस केसेस इन लेस दॅन ट्वेंटी डेज.' तिन्ही ठिकाणी पुढे अनेकवचन आहे. मग तिन्ही 'फ्यूअर' करू का?

जोशी सर: तिन्ही करा. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मोजता येतं तिथे 'फ्यूअर', मोजता येत नाही तिथे 'लेस'. नर्स मोजता येतात, केसेस मोजता येतात, दिवसही मोजता येतात. आपली मुलं इथेच चुकतात, कारण मराठीत 'कमी पाणी' आणि 'कमी माणसं' दोन्हीकडे एकच शब्द चालतो.

रेवती (कॉपी एडिटर): सर, मराठीचं कारण अगदी बरोबर आहे, पण तिन्ही बदलू नका. मधलं निर्विवाद आहे: 'फ्यूअर केसेस'. शेवटचं 'लेस'च राहू द्या. तिथे वीस सुटे दिवस मोजलेले नाहीत, तो वीस दिवसांचा एक सलग काळ आहे. शंका आली तर क्रियापद लावून बघा. 'ट्वेंटी डेज इज इनफ' असं आपण म्हणतो, 'आर' म्हणत नाही. जिथे 'इज' सहज बसतं तिथे 'लेस दॅन' बसतं. म्हणून पाचशे रुपये, चाळीस किलोमीटर, तीन आठवडे, सगळ्यांना 'लेस दॅन'.

खरा धोका पहिल्या जागी आहे. तिथला 'लेस' नर्सेसना लागलाय की 'एक्सपीरियन्स्ड'ला? 'एक्सपीरियन्स्ड'ला लागला असेल तर अर्थ होतो, 'कमी अनुभव असलेल्या नर्सेस', आणि वाक्य शुद्ध आहे. 'फ्यूअर' केलंत की तेच वाक्य म्हणतं, 'अनुभवी नर्सेस संख्येने कमी होत्या'. ही दुरुस्ती राहत नाही, अहवालातली माहितीच बदलते. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

सागर_बंगळुरू: हे मी भोगलंय. एका टेंडरच्या कागदात मी सरसकट शोधून 'लेस'चं 'फ्यूअर' केलं होतं. 'लेस दॅन फोर्टी किलोमीटर्स'चं 'फ्यूअर दॅन' झालं, ते खटकलं तरी समजलं असतं. पण 'लेस स्किल्ड वर्कर्स'चं 'फ्यूअर स्किल्ड वर्कर्स' झालं, आणि समोरच्यांनी विचारलं की कुशल कामगार कमी का देताय? आम्हाला म्हणायचं होतं की या कामाला फारसं कौशल्य नसलेले कामगार चालतील.

मंदार: पण एवढा अट्टहास कशासाठी? अनेकवचनाला 'लेस' लावणं ही आजची चूक नाही. राजा आल्फ्रेडच्या काळात, नवव्या शतकाच्या अखेरीस, 'कमी शब्दांत' म्हणताना 'लेस'च वापरलेला सापडतो. 'फ्यूअर'चा आग्रह आला 1770 साली, रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांकडून. त्यांनी तर नियमही केला नव्हता, स्वतःला काय जास्त योग्य वाटतं एवढंच सांगितलं होतं. 'लेस केसेस' वाचून कोणाचा गैरसमज होतो?

रेवती (कॉपी एडिटर): इतिहास तुम्ही बरोबर सांगितलात. फक्त आल्फ्रेडच्या वाक्यात 'शब्द' षष्ठीत आहे, म्हणजे 'शब्दांपैकी कमी' असा तो प्रयोग. पुढे विभक्तीचा प्रत्यय झिजला आणि 'लेस' थेट अनेकवचनाला चिकटून उभा राहिला. बोलताना कोणी 'लेस केसेस' म्हटलं तर मी टोकणार नाही. पण हा अहवाल निधी देणाऱ्यांकडे जाणार आहे. त्यांच्यातला एक जण जरी तिथे अडखळला, तरी त्याचं लक्ष आकड्यांवरून उडतं.

जोशी सर: 'इज'ची कसोटी पटली, ती मी वर्गात कधी सांगितली नाही. पण वीस दिवस वेगवेगळे असतील, म्हणजे शिबिराचे सुटे दिवस, तर?

रेवती (कॉपी एडिटर): मग 'फ्यूअर दॅन' मान्य.

स्मिता: माझी मुलगी 'लेसर मार्क्स' लिहिते. तेही चालतं ना?

रेवती (कॉपी एडिटर): नाही. 'लेसर' म्हणजे दर्जाने किंवा महत्त्वाने कमी. गुण कमी पडले असतील तर 'फ्यूअर मार्क्स' किंवा 'लोअर मार्क्स'.

अनुजा: सहकाऱ्याला फोन केला. त्याला म्हणायचं होतं की जुन्या, अनुभवी नर्सेसपैकी निम्म्या बदलून गेल्या, म्हणजे संख्याच कमी! आणि दिवस शिबिराचे, सुटे. म्हणजे सरांचे तिन्ही 'फ्यूअर' बरोबर निघाले. तरी पहिल्या जागी 'फ्यूअर एक्सपीरियन्स्ड नर्सेस' न ठेवता मी 'विथ हाफ द एक्सपीरियन्स्ड नर्सेस गॉन' असं लिहिलं.

मंदार: हे उत्तम केलंत. 'लेस केसेस'बद्दल माझं मत मात्र तेच आहे.