मदत हवी आहे : धावत्या वर्णनात चेंडू पुढे जातो आणि माझे वाक्य मागे राहते

रामबागकर (इंदूर) : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला रेडिओवरच्या धाटणीने एका षटकाचे धावते वर्णन वाचायचे आहे. प्रसंग कल्पित आहे: होळकर मैदान, अखेरचे षटक, विजयासाठी नऊ धावा हव्यात. पहिल्या चेंडूवर एक धाव निघाली, दुसरा निर्धाव गेला. तिसरा मी असा लिहिला आहे: "गोलंदाजाने ऑफ यष्टीबाहेर टाकलेला आखूड टप्प्याचा चेंडू फलंदाजाने मागच्या पायावर जाऊन पॉइंट आणि कव्हर यांच्यामधून सीमेपार पाठवला." वाक्य शुद्ध आहे, पण ऐकताना कालची बातमी वाटते. काय चुकते आहे?

बडोदेकर : वेग वाढवा. वर्णन दुप्पट वेगाने वाचले की थरार आपोआप येतो.

रामबागकर : तसे करून पाहिले. घरच्यांना "पॉइंट"च्या पुढचे काहीच कळले नाही.

जुना गुणलेखक : वेग लागतो हे खरे, पण अडचण क्रियापदाची आहे. तुमचे "पाठवला" अगदी शेवटी येते, त्यामुळे फलंदाज बाद झाला की चौकार गेला, हे श्रोत्याला तोवर कळत नाही. वेगवान चेंडू हातातून सुटल्यापासून साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्यात एखादाच शब्द मावतो. म्हणून क्षेत्ररचना गोलंदाज धावत येण्यापूर्वीच सांगून टाकावी आणि पुढे क्रियापदाला आधी येऊ द्यावे:

"निघाला गोलंदाज... पंचांजवळून पुढे... टाकला. आखूड! कट केला! पॉइंट आणि कव्हरच्या मधून... धावतोय क्षेत्ररक्षक, चेंडू पुढे, तो मागे... चौकार!"

यानंतर दोन-तीन सेकंद गप्प राहा, प्रेक्षकांचा आवाज ऐकू द्या. तुमचे ते लांब, सुंदर वाक्य त्यानंतर, गोलंदाज परत चालत जात असताना शोभेल. हिंदीतही क्रियापद शेवटीच येते. तुमच्याच इंदूरचे हिंदी समालोचक सुशील दोशी यांचे जुने वर्णन मिळाले, तर या दृष्टीने जरूर ऐका.

ग्वाल्हेरची आई : माझ्या मुलाच्या सामन्यात वाइडनंतर चेंडू पुन्हा टाकायला लावला. मग तो सातवा धरायचा का?

जुना गुणलेखक : ताई, वाइड षटकाच्या सहा चेंडूंत धरत नाहीत, धाव मात्र मिळते. रामबागकर, संहितेत वाइड घातलात तर "तिसराच चेंडू पुन्हा" असे स्पष्ट म्हणा.

बडोदेकर : धावसंख्या प्रत्येक चेंडूनंतर सांगू नये, लय तुटते.

जुना गुणलेखक : मला हे पटत नाही. ज्याने रेडिओ आत्ताच लावला, त्याला "तीन चेंडू, चार धावा" एवढे तरी हवेच.

रामबागकर : चौथा चेंडू असा लिहिला आहे: "टाकला. आत आला! पॅडवर! जोरदार अपील... पंच विचारात... नाबाद!" यात "पंच विचारात" म्हणावे, की तिथे केवळ शांतता ठेवावी?